चौदा ऑन, चौदा ऑफ : सहा महिन्यांच्या सुट्टीचा हिशेब

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी प्रत्येकाला सांगितलं होतं की आपापल्या कामाबद्दल वीस मिनिटं बोलायचं, पण सत्कार स्वीकारल्यासारखं नको, शिकवल्यासारखं बोला. समोर सर आणि बाई बसलेले असताना शिकवायचं म्हणजे अवघडच आहे. तरी मला विषय शोधावा लागला नाही, तो तुम्हीच दिलात. आपल्या ग्रुपवर गेली दहा वर्षं माझ्या नावाने एक वाक्य फिरतं आहे, "याचं काय बाबा, वर्षातले सहा महिने सुट्टी आणि बारा महिने पगार!" मी त्यावर हसण्याची खूण टाकून गप्प बसायचो. पण गेल्या वर्षभरात आपल्यातल्या दोघांनी मला फोन करून विचारलं की मुलाला समुद्रावरची नोकरी चालून आली आहे, चौदा दिवस काम आणि चौदा दिवस घरी, पाठवू का? तेव्हा वाटलं की आता हसण्यावारी नेऊन चालणार नाही. हा हिशेब एकदा नीट मांडायला हवा.

आधी जागा सांगतो. मुंबईपासून पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर, भर अरबी समुद्रात मुंबई हाय हे तेलक्षेत्र आहे. १९७६ पासून तिथून तेल निघतं. समुद्राच्या तळावर पाय रोवून उभे केलेले पोलादी प्लॅटफॉर्म, एकमेकांना पुलांनी जोडलेले. एकावर विहिरी, एकावर तेल, वायू आणि पाणी वेगळं करणारी यंत्रं, एकावर माणसांची राहायची सोय. डिप्लोमा झाल्यावर लोट्याला काही वर्षं कारखान्यात काढून १९९२ मध्ये मी तिथे इन्स्ट्रुमेंटेशनच्या कामाला लागलो आणि २०२४ पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, तिथेच होतो. जायचं ते जुहूच्या विमानतळावरून हेलिकॉप्टरने. सामानाबरोबर माणसाचंही वजन करतात, लाइफ जॅकेट घालून बसवतात, आणि हेलिकॉप्टर पाण्यात पडलं तर उलट्या अवस्थेत बाहेर कसं यायचं याचं प्रशिक्षण झालेलं असल्याशिवाय बसूच देत नाहीत.

तिथे पोचलात की चौदा दिवस रोज बारा तास काम. रविवार नाही, सण नाही, अर्धा दिवस नाही. चौदाव्या दिवसानंतर तुमच्या जागेवरचा दुसरा माणूस हेलिकॉप्टरने येतो, तुम्ही त्याच हेलिकॉप्टरने परत. या दुसऱ्या माणसाला आम्ही 'बॅक टू बॅक' म्हणतो. गंमत अशी की ज्याच्याशी तुमचं काम सगळ्यात जास्त बांधलेलं असतं, त्याला तुम्ही महिन्यातून दोनदा, हेलिडेकच्या जिन्याजवळ अर्धा-पाऊण तास भेटता. माझ्या एका बॅक टू बॅकबरोबर मी अकरा वर्षं एकच कपाट वापरलं, पण एकत्र बसून जेवलो असू जेमतेम चार वेळा.

आता पहिला प्रश्न. आठच तास का नाहीत, बारा का? याचं उत्तर माणसाच्या ताकदीत नाही, खाटांत आहे. यंत्रं चोवीस तास चालतात, म्हणजे कंट्रोल रूममधली खुर्ची चोवीस तास भरलेली हवी. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या लावल्या तर एका खुर्चीसाठी तीन माणसं समुद्रावर हवीत आणि तीन घरी, म्हणजे एकूण सहा. बारा तासांच्या दोन पाळ्या लावल्या तर दोन समुद्रावर, दोन घरी, म्हणजे चार. प्लॅटफॉर्मवर खाटा मोजक्या असतात. त्याहून कडक हिशेब जीवरक्षक होड्यांचा असतो. जितक्यांना होडीत जागा आहे त्याहून एकही माणूस जास्त ठेवता येत नाही. म्हणून बारा तास.

आता हीच चार माणसं धरून सरासरी काढू. आपल्या गणिताच्या सरांनी शिकवलेली साधीच सरासरी आहे, घाबरू नका. आठवड्यात तास किती? सात गुणिले चोवीस, १६८. ही १६८ तासांची खुर्ची चार माणसांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला ४२ तास येतात. दुसऱ्या बाजूने बघा. मी चौदा दिवस रोज बारा तास काम करतो, ते होतात १६८. मग चौदा दिवस शून्य. चार आठवड्यांत १६८, म्हणजे आठवड्याला ४२. दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं. आपल्याकडच्या १९४८ च्या कारखाना कायद्यात आठवड्याची मर्यादा ४८ तासांची होती. म्हणजे कागदावर आम्ही कारखान्यातल्या माणसापेक्षा सहा तास कमीच भरतो.

मग सहा महिने सुट्टी कुठून आली? वर्षाचं बघू. वर्षातले साडे-१८२ दिवस मी समुद्रावर, रोज बारा तास, म्हणजे २१९० तास. आता सरकारी कचेरीतला आपला मित्र घ्या. पाच दिवसांचा आठवडा, रोज आठ तास. वर्षाचे २६० दिवस होतात. त्यातून सणवाराच्या साधारण पंधरा सुट्ट्या आणि महिनाभराची रजा काढली की उरतात २१५ दिवस, १७२० तास. म्हणजे सहा महिने घरी बसलेला मी त्याच्यापेक्षा ४७० तास जास्त काम करतो. त्याच्या आठ तासांच्या दिवसांत मोजलं तर जवळजवळ एकोणसाठ दिवस. कारखान्यात सहा दिवसांचा आठवडा करणारा माणूस याच पद्धतीने २१३६ तासांपर्यंत येतो. तेव्हा खरं उत्तर असं की आमचं वर्ष कारखान्यातल्या कामगाराएवढंच असतं. तो ते पातळ पसरतो, आम्ही घट्ट दाबून भरतो.

यात एक बारीक गोष्ट सुटते, ती सांगतो. पाळी बदलताना हँडओव्हर असतो. कुठला व्हॉल्व्ह बंद केला आहे, कुठला अलार्म खोटा वाजतो आहे, कुठल्या कामाचं परमिट उघडं आहे, हे सगळं पुढच्या माणसाला सांगितल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही. दोन्ही टोकांना पंधरा मिनिटं धरली तर दिवसाला अर्धा तास, चौदा दिवसांत सात तास. ते कुणी मोजत नाही, पण ते धरले की ४२ चे पावणेचव्वेचाळीस होतात. तरीही ४८ च्या आतच आहे. इथवर मी तक्रार करत नाही.

आता जरा पुढे जाऊ. सरासरी काढताना कोणत्या काळाची काढली हे विचारायचं असतं. माझ्या ऑनच्या एका आठवड्याची काढली तर ती ८४ तास येते. तीन आठवड्यांची काढली, दोन ऑन आणि एक ऑफ, तर ५६. चार आठवड्यांची काढली तर ४२. माणूस तोच, काम तेच, फक्त खिडकी मोठी केली. आणि सहा आठवडे घेतले, ऑन-ऑफ-ऑन असे, तर पुन्हा ५६ होतात! म्हणजे खिडकी कुठून सुरू होते आणि कुठे संपते यावर एकच नोकरी कायद्यात बसते किंवा बसत नाही.

हा नुसता खेळ नाही. ब्रिटनमध्ये, उत्तर समुद्रातल्या तेलाच्या कामगारांबाबत नेमका हाच प्रश्न आला. तिथला १९९८ चा कामाच्या तासांचा नियम सरासरी ४८ तासांची मर्यादा घालतो, आणि सरासरी एरवी सतरा आठवड्यांची धरतात. समुद्रावरच्या कामासाठी मात्र ती बावन्न आठवड्यांची धरायची असं ठरलं, म्हणजे चक्र कुठे तुटतं याचा फरक पडत नाही. मग दुसरा वाद उभा राहिला, पगारी रजेचा. दोन आठवडे काम, दोन आठवडे किनाऱ्यावर असं करणाऱ्या कामगारांचं म्हणणं होतं की किनाऱ्यावरचे दोन आठवडे ही आमच्या जादा तासांची भरपाई आहे, वार्षिक रजा वेगळी द्या. मालकांचं म्हणणं, ते दिवस तुम्ही मोकळेच असता, रजा त्यातच धरली. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि डिसेंबर २०११ मध्ये निकाल मालकांच्या बाजूने लागला. नॉर्वेत याउलट दोन आठवडे काम आणि चार आठवडे घरी अशी पद्धत रूढ आहे. तिथे तेच १६८ तास सहा आठवड्यांत विभागले जातात आणि सरासरी २८ येते. समुद्र एकच, मधे फक्त रेघ आखलेली.

म्हणून तुमच्या मुलाला कुणी 'चौदा-चौदा' म्हणालं तर पहिला प्रश्न हा, की रजा वेगळी आहे की त्या चौदात धरली आहे? मी काही वर्षं ज्या कंत्राटावर होतो तिथे ती आतच धरलेली होती.

या ४२ च्या आकड्याला दुसरी एक अट आहे, ती म्हणजे चार माणसं पूर्ण असायला हवीत. त्यातला एक आजारी पडला, किंवा नोकरी सोडून गेला आणि जागा भरली नाही, तर १६८ तासांची खुर्ची तिघांत वाटली जाते आणि सरासरी ५६ होते. खुर्ची रिकामी ठेवता येत नाही, त्यामुळे कुणीतरी थांबतो. कागदावर चौदा-चौदा असतं आणि प्रत्यक्षात एकवीस-सात चालू होतं. ते ओळखायचं कसं? पगाराच्या चिठ्ठीवर नव्हे, कॅलेंडरवर. मी माझ्या ऑनच्या दिवसांवर निळी आणि थांबवल्याच्या दिवसांवर लाल रेघ ओढत असे. वर्षाअखेरीला लाल रेघा मोजल्या की खरी सरासरी कळायची.

एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवतो. जुलै महिना, धो धो पाऊस, खाली उतरलेले ढग. माझे चौदा दिवस संपले, पण हेलिकॉप्टर उडालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी परतलो. म्हणजे मी चौदाच्या जागी सतरा दिवस केले, २०४ तास. पुढची जायची तारीख कॅलेंडरवर ठरलेली, ती हलली नाही, म्हणून घरी अकराच दिवस मिळाले. त्या चार आठवड्यांची माझी सरासरी ५१ आली, मर्यादेच्या वर. आता माझा बॅक टू बॅक बघा. तो तीन दिवस मुंबईत बॅग भरून बसून राहिला आणि त्याचे अकराच दिवस झाले. पुढचं चक्र नीट गेलं असं धरलं तर आठ आठवड्यांत माझी सरासरी साडेशेहेचाळीस आणि त्याची साडेसदतीस. दोघांची बेरीज ८४, म्हणजे दोघांची मिळून सरासरी पुन्हा बरोब्बर ४२! ऑफिसच्या तक्त्यात सगळं ठीक दिसतं. तीन दिवस कुणाचे गेले हे त्या तक्त्यात दिसत नाही. आम्ही दोघांनी आपसात ठरवलं होतं की अशा दिवसांची उधारी वहीत लिहायची आणि पुढे कधीतरी फेडायची. तो लवकर यायचा किंवा मी. जिथे असं फेडता येतं तिथे पद्धत टिकते.

आता तासांपलीकडचं सांगतो, कारण बाराव्या तासाचं वजन पहिल्या तासाएवढं नसतं.

आमच्याकडे सात दिवस दिवसपाळी आणि सात दिवस रात्रपाळी असायची. अनुभवाने सांगतो, रात्रीला शरीर रुळायला चार-पाच दिवस लागतात. म्हणजे रुळलो म्हणेपर्यंत आठवडा संपतो. आधी दिवस आणि मग रात्र केली, तर रात्रीला रुळलेलं शरीर घेऊन घरी येतो. मग पहिले चार-पाच दिवस बायको-मुलं झोपलेली असताना आपण पहाटे तीनला ओट्याशी चहा करत उभे. उलट केलं, आधी रात्र आणि मग दिवस, तर घरी माणसासारखा माणूस येतो, पण समुद्रावर दोनदा शरीर फिरवावं लागतं, एकदा आल्यावर आणि एकदा मध्यावर. काही जण चौदाच्या चौदा रात्री पसंत करायचे. त्यात तिथे असताना एकदाच रुळावं लागतं, बाकीचा त्रास घरी येऊन भोगायचा. तिन्हींची सरासरी ४२ च, पण तिन्हींची किंमत वेगवेगळ्या ठिकाणी चुकती होते.

सगळ्यात धोक्याचे दिवस कुठले, तर पाळी फिरल्यावरच्या पहिल्या दोन-तीन रात्री, आणि वेळ पहाटे तीन ते पाच. एकदा अशाच तिसऱ्या रात्री एक सहकारी पाण्याचा पंप चालू करायला गेला. दोन पंप शेजारी-शेजारी, ए आणि बी. ए दुरुस्तीसाठी उघडलेला, बी चालू करायचा. त्याने कंट्रोल रूममध्ये तोंडाने 'बी' म्हटलं, वहीत 'बी' लिहिलं, आणि जाऊन हात घातला तो ए च्या व्हॉल्व्हवर. व्हॉल्व्ह फिरला नाही, कारण त्याला कुलूप आणि लाल पाटी होती. दुरुस्ती करणाऱ्याने कुलूप घालून किल्ली खिशात ठेवायची आणि काम संपल्यावर त्यानेच काढायची, हा आमच्याकडचा नियम. त्या कुलपाने त्या रात्री काम केलं. तो माणूस आमच्यातला सगळ्यात काटेकोर होता. म्हणून ही गोष्ट मी नव्या पोरांना नेहमी सांगायचो. थकवा आला की चूक करणारा वेगळा माणूस लागत नाही.

थकवा कसा ओळखायचा, तेही सांगायचो. लॉगबुकमधली एकच ओळ दोनदा वाचावी लागली, गेजवरचा आकडा बघून वहीपर्यंत येईतो विसरला, किंवा वॉकीटॉकीवर सांगितलेलं पुन्हा विचारावं लागलं, तर समजायचं की आता एकट्याने व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. दुसऱ्याला बरोबर घ्यायचं आणि त्याला मोठ्याने सांगून करायचं. यात लाज नसते.

आता घराकडची बाजू. चौदा दिवस ऑफ म्हणजे चौदा दिवस घरी असं धरू नका. हेलिकॉप्टर दुपारी जुहूला उतरायचं, तिथून चिपळूणला पोचेपर्यंत रात्र. जाताना सकाळी जुहूला हजर व्हायचं म्हणून आदल्या दिवशी निघायचं. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर जीव हलका झाला, तरी दोन्ही टोकांचा एक-एक दिवस गेलाच. उरले बारा. त्यातच वैद्यकीय तपासणी, काही वर्षांनी पुन्हा करायचं पाण्यातलं प्रशिक्षण. डोंबिवलीत राहणाऱ्याचे चौदा आणि चिपळूणमध्ये राहणाऱ्याचे चौदा एक नसतात.

आणि एक गोष्ट, जी मला कामाला लागून पाच वर्षं झाल्यावर कळली. तुम्हाला वाटेल, अर्धे दिवस घरी म्हणजे अर्धे वाढदिवसही घरी. तसं होत नाही. आमचं चक्र अठ्ठावीस दिवसांचं. अशी तेरा चक्रं म्हणजे ३६४ दिवस. वर्ष ३६५ चं. म्हणजे पुढच्या वर्षी त्याच तारखेला तुम्ही चक्रात फक्त एक दिवस पुढे असता, लीप वर्षात दोन. माझ्या मुलीचा पहिला वाढदिवस १९९७ च्या नोव्हेंबरात होता. त्या दिवशी मी समुद्रावर, चौथ्या दिवसावर. पुढच्या वर्षी पाचव्या, मग सहाव्या. लीप वर्षांचे दोन दिवस धरून २००५ मध्ये मी चौदाव्या दिवसावर पोचलो. म्हणजे पहिल्यापासून नवव्यापर्यंत एकाही वाढदिवसाला मी घरी नव्हतो. दहाव्याला होतो, आणि त्या वर्षापासून सलग अकरा वर्षं होतो. पण दहा वर्षांच्या मुलीला फुगे नको असतात.

आमच्याबरोबर एक गोव्याचा फिटर होता, त्याचा ख्रिसमस असाच अडकला होता. २५ डिसेंबर हलत नाही. मी मात्र गणपतीला एक वर्षाआड, दोन वर्षांआड घरी असायचो, आणि त्याला ते कोडं वाटायचं. त्याचं कारण आपलं पंचांग. चतुर्थी ते चतुर्थी साधारण ३५४ दिवस, अधिक मासाच्या वर्षी ३८४. त्यामुळे ती आमच्या अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात दर वर्षी अडीच-पावणेतीन आठवड्यांनी उडी मारते. यंदा ऑनमध्ये आली तर पुढच्या वर्षी बहुधा ऑफमध्ये. तिथीने येणारं सगळं वाटून मिळतं, तारखेने येणारं सगळं एकतर मिळतं किंवा वर्षानुवर्षं मिळत नाही. यावर उपाय एकच आहे. दोन्ही बॅक टू बॅकनी ठरवून चक्र सरकवायचं. एकाने एकदाच एकवीस दिवस करायचे, दुसऱ्याला एकवीस दिवस घरी, आणि पुढचं सगळं चक्र एक आठवडा पुढे जातं. त्या गोव्याच्या मित्राने तसं केलं. त्याचा ख्रिसमस सुटला. एकवीस दिवस करणं जड असतं, ऑफिसची परवानगी लागते आणि जोडीदार कबूल व्हावा लागतो. पण वर्षानुवर्षांच्या गैरहजेरीपुढे ती एका आठवड्याची किंमत आहे. मुलगा लागला तर त्याला पहिल्याच वर्षी दहा वर्षांचं कॅलेंडर मांडून बघायला सांगा.

कॅलेंडरमध्ये न मांडता येणारंही असतं. २२ जुलै २०२१ ला आपल्या चिपळुणात पाणी शिरलं तेव्हा मी समुद्रावर नवव्या दिवसावर होतो. घरी आई आणि पत्नी. सकाळी फोन झाला तेव्हा त्या वरच्या मजल्यावर गेल्या होत्या, मग फोन बंद पडला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत. कंट्रोल रूममधल्या टीव्हीवर आपलं गाव दिसत होतं, छपरापर्यंत पाणी. त्या हवेत मला आणायला हेलिकॉप्टर येणं शक्यच नव्हतं, आणि आलं असतं तरी पुढे रस्ते बंद. माझ्या पाळीच्या प्रमुखाने मला खुर्चीवरून उठवलं, माझ्या जागी स्वतः बसला आणि म्हणाला, "आज तुला गेज वाचायला देत नाही." त्याने बरोबर केलं. आणि दुसऱ्या दिवशी होडी मिळाल्यावर आईला भात-आमटी आणि पाण्याच्या बाटल्या पोचवल्या त्या आपल्याच वर्गातल्या दोघांनी. ते दोघे आज इथे आहेत. नाव घेतलेलं त्यांना आवडणार नाही, म्हणून घेत नाही. मी घरी पोचलो तो एकवीस ते पंचवीस दिवसांचा मळा खणावा तसा घरातला चिखल उपसायला. त्या चौदा ऑफमध्ये मी जेवढं अंग मोडून काम केलं तेवढं समुद्रावर कधी केलं नाही. हिशेबात ते शून्य तास आहेत.

तर ज्या दोघांनी विचारलं त्यांना, आणि पुढे विचारतील त्यांना, माझं उत्तर 'पाठवू नका' असं नाही. माझी दोन्ही मुलं याच पगारावर शिकली. आणि बारा दिवस पूर्णवेळ घरी असलेला बाप रोज रात्री नऊला थकून येणाऱ्या बापापेक्षा मुलांच्या जास्त वाट्याला येतो, हेही मी पाहिलं आहे. शाळेच्या पालकसभेला सकाळी अकराला जाऊ शकणारा मी आमच्या आळीतला एकटाच पुरुष होतो. पण सही करण्याआधी मुलाने चार गोष्टी विचारून घ्याव्यात. पगार अठ्ठावीस दिवसांचा आहे की फक्त समुद्रावरच्या चौदा दिवसांचा? रजा वेगळी आहे की ऑफमध्ये धरली आहे? हवामानामुळे थांबावं लागलं तर ते दिवस परत मिळतात की पैसे मिळतात की काहीच नाही? आणि त्या खुर्चीवर आज खरोखर चार माणसं आहेत का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं कंत्राटात सापडतील. चौथ्याचं उत्तर फक्त तिथे काम करणारा माणूसच देईल. असा माणूस ओळखीचा नसेल तर मला फोन करा. मी आता कायमचा ऑफ आहे, फोन दिवसा केव्हाही चालेल.

पुढच्या वक्त्याची वेळ मी पाच मिनिटं खाल्ली आहे, ती त्याने जेवणाच्या सुट्टीतून वसूल करावी.